धुळ्याचे गणित आणि ‘एकगठ्ठा’ मतांचा समज

निवडणूक संपली की पारावर आणि चॅनेलवर एकच भाषा सुरू होते. मराठा मते इकडे गेली, वंजारी मते तिकडे, मुस्लिमांनी एकगठ्ठा टाकली, शेतकऱ्यांनी उट्टे काढले. बोलणाऱ्याला खात्री असते, ऐकणाऱ्यालाही असते. २०२४ साली महाराष्ट्रात एक वेगळी सोय झाली. लोकसभेचा पाचवा टप्पा २० मे रोजी झाला आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला. बरोबर सहा महिन्यांच्या अंतराने तेच मतदार, तीच वस्ती, तीच जात आणि तोच धर्म पुन्हा यंत्रासमोर उभे राहिले. या दोन तारखांमध्ये धुळ्यात काय झाले ते बारकाईने पाहिले, तर त्या खात्रीचे काय उरते, हे पुढे मांडले आहे.

१. आधी मे महिन्याचा हिशेब.

धुळे लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा क्षेत्रे आहेत. धुळे शहर, धुळे ग्रामीण आणि शिंदखेडा ही धुळे जिल्ह्यातली. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण ही नाशिक जिल्ह्यातली. भाजपचे दोन वेळचे खासदार डॉ. सुभाष भामरे यांच्यासमोर काँग्रेसने डॉ. शोभा बच्छाव यांना उभे केले. त्या नाशिकच्या माजी महापौर. ‘बाहेरचा उमेदवार’ म्हणून खुद्द काँग्रेसमध्ये कुरबूर झाली. मतमोजणीत भामरे पाच विधानसभा क्षेत्रांत मिळून सुमारे १ लाख ९० हजारांनी पुढे होते. सहाव्या क्षेत्राने, मालेगाव मध्यने, सगळे पालटले. तिथे बच्छाव यांना सुमारे १ लाख ९८ हजार मते पडली, भामरे यांना साडेचार हजार. निकाल लागला अवघ्या ३,८३१ मतांनी.

मालेगाव मध्य हा यंत्रमागांचा, बहुसंख्य मुस्लिम वस्तीचा मतदारसंघ. त्यामुळे निकालाचा अर्थ लावायला कुणाला वेळ लागला नाही. देवेंद्र फडणवीसांनी पुढे याच आकड्यांचा दाखला देत ‘व्होट जिहाद’ हा शब्द वापरला आणि विधानसभेच्या प्रचारात तो सर्वत्र फिरला. आकडे खरे होते. प्रश्न आहे तो आकड्यांवरून काढलेल्या निष्कर्षाचा.

२. नोव्हेंबरात त्याच मालेगाव मध्यमध्ये काय झाले?

धर्माच्या हुकमावर एका बाजूला जाणे हा या मतदाराचा स्वभावच असता, तर सहा महिन्यांत तो बदलला नसता. २० नोव्हेंबरला एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल आणि माजी आमदार आसिफ शेख यांच्यात लढत झाली. शेख यांनी स्वतःचा नवा पक्ष काढला होता. मुफ्तींना १ लाख ९ हजार ६५३ मते पडली, शेख यांना १ लाख ९ हजार ४९१. फरक १६२ मतांचा. राज्यातल्या २८८ जागांमध्ये इतका कमी फरक दुसरीकडे कुठे नव्हता. आणि मे महिन्यात ज्या काँग्रेसला इथून जवळपास दोन लाख मते मिळाली होती, तिचा उमेदवार दहा हजारांच्या आत अडकला.

म्हणजे गठ्ठा बरोबर मधोमध चिरला गेला. यात गूढ काही नाही. समोरचे सगळे प्रमुख उमेदवार मुस्लिम असल्यावर धर्माच्या आधारे कुणाची निवड करणार? मग बाकीच्या गोष्टी पुढे येतात. कोणत्या घराण्याने कुणाची कामे केली, महापालिकेत कोण कुणासोबत होते, गल्लीतल्या गटारीचे काय झाले, मोमीन विणकर कुठे आणि दखनी मंडळी कुठे, मागवाल्याची बाजू कोण घेतो आणि मजुराची कोण. मालेगावच्या राजकारणात हे सगळे जुने आहे. समाजवादी निहाल अहमद इथून अनेक वर्षे निवडून आले, १९९९ साली काँग्रेसच्या शेख रशीद यांनी त्यांना हरवले, २००९ साली मुफ्ती इस्माईल आले, २०१४ साली आसिफ शेख, २०१९ साली पुन्हा मुफ्ती. बाहेरून एकसंध दिसणाऱ्या शहरात आतून तट आहेत, आणि विधानसभेला तेच मत ठरवतात.

३. मालेगावचे हे मत लोकसभेलाही दर वेळी एकत्र आलेले नाही.

२००९ साली धुळ्यात भाजपचे प्रताप सोनवणे काँग्रेसच्या अमरीशभाई पटेलांविरुद्ध सुमारे १९ हजारांनी जिंकले. त्या निवडणुकीत निहाल अहमद स्वतः उभे होते आणि त्यांनी ७० हजारांवर मते घेतली. मालेगावने त्या वेळी आपल्या माणसाला मत दिले आणि भाजपची वाट मोकळी झाली. २०१९ साली वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराने सुमारे ३९ हजार मते नेली. २०२४ साली वंचितने उभे केलेले माजी पोलीस अधिकारी अर्ज बाद झाल्याने बाहेर पडले आणि एमआयएमचाही उमेदवार नव्हता. मालेगावच्या मतदाराला भाजप नको असेल, तर त्याच्यासमोर हाताचा पंजा सोडून मोठे चिन्हच उरले नव्हते. ‘एकगठ्ठा’ म्हणून जे दिसले, त्यातला मोठा हिस्सा अर्ज छाननीच्या दिवशीच ठरून गेला होता.

याची उलट बाजू धुळे शहरात आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. २०१९च्या विधानसभेला तिथून एमआयएमचे फारुक शाह तीन हजारांच्या आसपासच्या फरकाने आमदार झाले. त्यांच्या विरोधातली मते राजवर्धन कदमबांडे, शिवसेना आणि अनिल गोटे यांच्यात वाटली गेली होती. २०२४ साली ती मते एकत्र आली आणि भाजपचे अनुप अग्रवाल सुमारे ४५ हजारांनी निवडून आले. विरोधकाला पाडायचे म्हणून पसंती-नापसंती बाजूला ठेवून एका चिन्हावर जमा होणे, हीच ती कृती. मालेगावात ती झाली तर तिला एक नाव पडते, धुळे शहरात झाली तर ‘जनतेचा कौल’. मला दोन्हीत फरक दिसत नाही. दोन्हीकडे मतदार शहाणपणानेच वागला.

४. मालेगावने हरवले म्हणणाऱ्यांनी एक वजाबाकी करून पाहावी.

२०१९ साली भामरे यांना सुमारे ६ लाख १३ हजार मते होती आणि ते २ लाख २९ हजारांनी जिंकले होते. २०२४ साली त्यांना ५ लाख ८० हजार पडली. मतदारयादी वाढलेली असताना त्यांची ३३ हजार मते घटली. ती टिकली असती तर मालेगावची सगळी आघाडी पचवूनही भामरे सहज खासदार झाले असते. भाजपला मालेगाव मध्यमध्ये २०१९ सालीही मोठा आधार नव्हता, तेव्हा ही घट मुख्यतः बाकीच्या पाच क्षेत्रांतली असणार. पराभव ३,८३१चा आणि गळती ३३ हजारांची असताना चर्चा मात्र फक्त मालेगावची झाली.

ही गळती कशाने झाली? इथे कांद्याकडे पाहावे लागते. बागलाण, मालेगाव तालुका आणि शिंदखेड्याचा काही भाग कांदा पिकवतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. भाव पडले. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा चाळीत भरायचा की आहे त्या भावाला काढून टाकायचा, या विवंचनेत शेतकरी असताना गुजरातमधल्या दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली. आमच्या लाल कांद्याने काय घोडे मारले होते, हा प्रश्न त्या वेळी बाजार समितीच्या आवारात कुणीही विचारत होते. ४ मे रोजी बंदी उठली, पण शुल्क आणि किमान निर्यातमूल्याची अट ठेवून. मतदानाला सोळा दिवस उरले होते.

हा सगळा कांद्याचाच परिणाम, असे मी छातीठोक म्हणणार नाही. मतपत्रिकेवर कारण लिहिलेले नसते. पण शेजारच्या दिंडोरीचा निकाल ताडून पाहता येतो. दिंडोरी अनुसूचित जमातींसाठी राखीव. तिथे दोन्ही बाजूंचे उमेदवार आदिवासीच असतात आणि मालेगाव मध्यसारखे क्षेत्र तिथे नाही. हा खास कांद्याचा पट्टा. तिथे केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या भारती पवार १ लाख १३ हजारांनी पडल्या. गंमत म्हणजे विजयी भास्कर भगरे यांच्या नावाशी साधर्म्य असलेल्या आणि ‘तुतारी’सारखे चिन्ह मिळालेल्या एका अपक्षाने लाखावर मते नेली, तरीही. ज्या कारणाने दिंडोरीत एवढी पडझड झाली, ते कारण धुळ्याच्या शिवेवर येऊन थांबले असेल, हे मला पटत नाही.

नोव्हेंबरपर्यंत चित्र फिरले होते. सप्टेंबरमध्ये किमान निर्यातमूल्याची अट गेली, शुल्क निम्म्यावर आले. ऑगस्टपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिना १५०० रुपये अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या बायकांच्या खात्यात पडू लागले होते आणि मतदानाआधीच नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते मिळाले होते. या योजनेला जातीची अट नव्हती आणि धर्माचीही. धुळे लोकसभेतल्या मालेगाव मध्य सोडून बाकी पाचही जागा महायुतीने जिंकल्या.

५. जातीचेही असेच आहे. त्यासाठी बीडला जाऊ.

बीडमध्ये पंकजा मुंडे लोकसभेला ६,५५३ मतांनी हरल्या. हरवणारे बजरंग सोनवणे हेच २०१९ साली प्रीतम मुंडे यांच्याकडून १ लाख ६८ हजारांनी हरले होते. उमेदवार तोच, समोर तेच घराणे, मराठा आणि वंजारी यांचे प्रमाण पाच वर्षांत बदललेले नाही. मग जात हेच कारण असेल, तर २०१९ साली ते कुठे झोपले होते? मध्ये १ सप्टेंबर २०२३ची अंतरवाली सराटीतली लाठी चालली होती, मनोज जरांगे यांचे आंदोलन गावोगाव पोचले होते, ओबीसींचे प्रतिआंदोलन उभे राहिले होते. जात होतीच. तिला तक्रार मिळाली, आणि ती तक्रार ज्यांच्यामधून जाते असे दोन बाजूंचे दोन उमेदवारही मिळाले.

नोव्हेंबरात त्याच जिल्ह्यातल्या सहापैकी पाच जागा महायुतीकडे गेल्या. मतदार तोच आणि आरक्षणाचा प्रश्नही सुटलेला नव्हता. पण जरांगे यांनी उमेदवार न देण्याचे ठरवले, आणि बहुतेक ठिकाणी लढत एकाच समाजात, किंबहुना एकाच घरात आली. गेवराईत पंडितांविरुद्ध पंडित. माजलगावात प्रकाश सोळंके आणि मोहन जगताप, दोघेही मराठा. बीड शहरात क्षीरसागरांचे दोन चुलत भाऊ एकमेकांसमोर, आणि मराठाबहुल मतदारसंघात हे घराणे तेली समाजाचे. जातीने निवड करायला तिथे जागाच नव्हती, म्हणून भाऊबंदकी, कारखाना, पाणी आणि ‘कोण उपयोगी पडतो’ हे चालले. परळीत मात्र मुंड्यांविरुद्ध मराठा उमेदवार असा सामना होता आणि धनंजय मुंडे १ लाख ४० हजारांनी निवडून आले.

मालेगाव आणि बीड एकत्र ठेवले की एक गोष्ट उघड होते. जात-धर्म मतदाराच्या मनात कायम असतात, पण मत ठरवतात ते उमेदवारांमध्ये तोच फरक असेल तेव्हा. उमेदवारी कोण देते? पक्ष. अर्ज कोण भरायला लावतो आणि मागे घ्यायला लावतो? तेही पक्षच. तरी निकालानंतर जातीयवादी ठरतो तो मतदार.

६. प्रदेशाबद्दल थोडक्यात. मालेगाव आणि धुळे एका लोकसभेत बसवले ते २००८च्या मतदारसंघ फेररचनेने. त्याआधी मालेगाव हा स्वतंत्र लोकसभा मतदारसंघ होता आणि दोन्ही अनुसूचित जमातींसाठी राखीव होते. नकाशावरची रेघ वेगळी असती, तर ‘मालेगावने धुळ्याचा खासदार ठरवला’ हे वाक्यच जन्माला आले नसते.

७. कुणाचे मत दिसते आणि कुणाचे नाही, हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा.

मत गुप्त असते, असे आपण शाळेत शिकलो. निकालानंतर फॉर्म २० प्रसिद्ध होतो आणि त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली ते लिहिलेले असते. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार, म्हणजे एक मोहल्ला, एक तांडा, एक वाडी किंवा दोन-तीन गल्ल्या. मतमोजणीच्या टेबलासमोर उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून बसलेल्या कुणालाही विचारा. कोणत्या वस्तीने ‘दगा’ दिला याची यादी त्याच्याकडे दुपारीच तयार असते.

पण ही यादी सगळ्यांची सारखी होत नाही. ज्या वस्त्या वेगळ्या टाकलेल्या आहेत, म्हणजे मुस्लिम मोहल्ले, बौद्धवाडे, तांडे, पारधी पाल, त्यांचे मत केंद्राच्या आकड्यावरून जवळजवळ वाचता येते. मोठ्या मिश्र गावात मराठा, माळी, धनगर आणि तेली एकाच केंद्रावर मत देतात. तिथे कुणी कुणाला दिले हे आकड्यावरून सांगता येत नाही. एखाद्या केंद्रावर ६० टक्के मराठे आहेत आणि एका उमेदवाराला ६० टक्के मते पडली, तर ती मराठ्यांचीच असे समजणे ही ढोबळ चूक आहे; आणि टीव्हीवरचे निम्मे विश्लेषण या चुकीवर चालते. बागलाणमध्ये नोव्हेंबरात भाजपचे दिलीप बोरसे सव्वा लाखाहून जास्त मतांनी जिंकले. ते मत कोणत्या जातीचे एकगठ्ठा होते, याची चौकशी कुणी केली नाही. करता आलीही नसती.

त्यामुळे ‘एकगठ्ठा’ हा शब्द चिकटतो तो ज्यांची वस्ती वेगळी आहे त्यांनाच. आणि नंतर पाण्याचा टँकर, रस्त्याचे काम, घरकुलाची यादी यांत हिशेब चुकता होण्याची भीतीही त्यांनाच जास्त. ही भीती एकदा बसली की वस्तीतले पुढारी म्हणतात, वाटून मते देऊ नका, एकाला द्या आणि त्याच्याकडून कामे घ्या. ज्याला आपण सवय म्हणतो ती अशी घडते.

८. यावर तोडगा आहे, आणि तो जुना आहे.

कागदी मतपत्रिकांच्या काळात दहशतीची शंका असेल तिथे वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची तरतूद होती; १९६१च्या निवडणूक नियमांतला तो नियम ५९-अ. यंत्रे आली आणि ही सोय गेली, कारण प्रत्येक यंत्र आपला निकाल वेगळा दाखवते. यावर ‘टोटलायझर’ नावाचे उपकरण आहे. चौदा यंत्रे त्याला जोडली की चौदाही केंद्रांची मिळून एकच बेरीज दिसते. निवडणूक आयोगाने २००८ साली त्याचा प्रस्ताव दिला. विधी आयोगाने मार्च २०१५च्या आपल्या २५५व्या अहवालात शिफारस केली. केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात विरोध केला. बूथनिहाय आकड्यांमुळे पक्षांना कुठे काम कमी पडले ते कळते, असा युक्तिवाद होता. नेमके तेच कळू नये, म्हणून तर हा खटाटोप.

एक खरी अडचण मात्र आहे. यंत्रांवर संशय घेणाऱ्यांच्या हातचे आज एक महत्त्वाचे साधन म्हणजे केंद्रावर मिळालेला फॉर्म १७-क आणि मोजणीतला आकडा जुळतो का ते पाहणे. टोटलायझरने हे साधन जाऊ नये. त्यासाठी प्रत्येक यंत्रातल्या एकूण मतांचा आकडा आधी १७-कशी जुळवून दाखवावा, उमेदवारनिहाय आकडा मात्र चौदा केंद्रांचा मिळूनच द्यावा. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच केंद्रांवर मोजतात. त्या पाच ठिकाणी गुप्तता जाईल. शेकडोंपैकी पाच, आणि तीही चिठ्ठी टाकून निवडलेली. ही किंमत मला परवडणारी वाटते. अभ्यासकांचेही नुकसान होईल आणि त्यात माझ्यासारखे फॉर्म २० चाळत बसणारे आले. ते सोसावे.

आपल्या भागातल्या आमदार-खासदाराला वाचकांनी एवढाच प्रश्न विचारावा: तुमच्या पक्षाला केंद्रनिहाय निकाल कशासाठी हवा आहे? उत्तर लेखी मागावे.